नव्या पंचांना कामावर पाठवताना: नियुक्तीच्या उपदेशाचा अनुभव

आमच्या मंडळीची वार्षिक सभा १२ जानेवारी २०२५ ला, रविवारच्या उपासनेनंतर झाली. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात स्थापन झालं, तेव्हा नगर भागातल्या जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या त्यात आल्या. आमची त्यांतलीच एक, लहानशी. मंडळीचा कारभार पाहणारी समिती कागदोपत्री आता ‘पास्टोरेट कमिटी’ असली तरी म्हातारी माणसं तिच्या सभासदांना अजून ‘पंच’च म्हणतात. चिठ्ठ्या मोजून होईपर्यंत दुपारचे अडीच वाजले. नऊ जण निवडून आले, त्यांत तीन बायका, आणि दोघं असे की ज्यांना मी चौथीत पाढे शिकवलेत.

त्याच संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, “बाई, ९ फेब्रुवारीला नियुक्तीची उपासना धरतोय. उपदेश तुम्ही करायचा.”

मी म्हटलं, “साहेब, उपदेश तुमचं काम. मी फार तर शास्त्रपाठ वाचीन.”

“मी कमिटीचा अध्यक्ष,” ते म्हणाले. “सेवक व्हा, नम्र राहा, असं मी सांगितलं तर त्यांना वाटणार, साहेब स्वतःचं ऐकायला सांगतायत. तुम्ही एक मुदत खजिनदार होतात. आता तुम्हाला कुठलं पद नकोय. तुमचं ऐकतील.”

कारण पटलं, म्हणून हो म्हटलं. पण दोन गोष्टी लगेच विचारून घेतल्या. तुमच्यावर असा प्रसंग आला तर तुम्हीही पहिल्याच दिवशी विचारा. पहिली गोष्ट, वेळ किती? बारा मिनिटं, असं ठरलं. दुसरी जास्त महत्त्वाची: उपदेश शपथेच्या आधी की नंतर? आमच्याकडे शपथ आधी, मग हार, मग उपदेश, अशी पद्धत पडली होती. तोवर नवे पंच गळ्यात हार घालून बसलेले असतात, आणि उपदेशाचं अभिनंदनाचं भाषण होऊन जातं. मी म्हटलं, शपथेच्या आधी बोलू द्या. ऐकून एखाद्याला माघार घ्यावीशी वाटली तर घेता आली पाहिजे. साहेबांनी थोडा विचार करून कार्यक्रमपत्रिका बदलायचं कबूल केलं.

कागदपत्रांचं काम त्यांचं होतं. निवडून आलेल्यांची यादी, सभेचा वृत्तांत आणि उपदेश मंडळीतली एक सभासद करणार असल्याचं पत्र असं सगळं एकत्र बिशप ऑफिसला गेलं. उत्तर २४ जानेवारीला आलं. ते येईपर्यंत पत्रिका छापायला टाकायची नाही असं आम्ही ठरवलं होतं, कारण मंजुरीत एखादं नाव अडकलं तर छापलेला गठ्ठा फुकट जातो.

मधल्या दिवसांत मी वचन शोधत होते. या प्रसंगाला साधारणपणे दोन पाठ ठरलेले असतात. एक मार्क १०, जिथे जब्दीचे मुलगे उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागतात. दुसरा योहान १३, शिष्यांचे पाय धुण्याचा. पाय धुण्याचा पाठ मी मुद्दाम बाजूला ठेवला. तो ऐकताना सगळ्यांचे डोळे पाणावतात, आणि कमिटीच्या पहिल्या सभेत त्याचा कुणालाच काही उपयोग होत नाही. तिथे पाय धुवायचे नसतात, पत्र्याच्या दुरुस्तीचं कोटेशन मंजूर करायचं असतं. ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, ते उदाहरणही मोह होऊनसुद्धा घेतलं नाही. नगरच्या माणसाला ते लहानपणापासून पाठ असतं, आणि टिळकांइतकं मोठं नाव आलं की ऐकणारा मनातल्या मनात म्हणतो, ते टिळक होते.

शेवटी प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय घेतला. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजचं अन्नवाटप होत असे. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना त्यात डावललं जात होतं, म्हणून कुरकुर सुरू झाली. पदावरच्या माणसाला कुरकुर ऐकू आली की पहिली प्रतिक्रिया असते, कोण बोललं ते शोधा. प्रेषितांनी ते शोधलं नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि वाटपाचं काम सात जणांच्या हाती दिलं. त्या सातांची नावं वाचून पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. त्या काळी पॅलेस्टाईनच्या यहुद्यांतही ग्रीक नावं ठेवत, त्यामुळे हा पक्का पुरावा म्हणता येत नाही. पण एकही हिब्रू नाव नसावं हे पाहता, ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती कोठाराची किल्ली गेली असं दिसतं. माझा पाया मिळाला होता. पंच निवडले जातात ते कुणाचं तरी ताट रिकामं राहिलं म्हणून.

पण पाया म्हणजे उपदेश नव्हे. पहिला मसुदा मी आमच्या पुण्याच्या भाचीला फोनवर वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, “मावशी, अहंकार टाळा, लोभ टाळा, हे सगळं ठीक. पण ऐकणाऱ्याला हे शेजारच्यासाठी आहे असंच वाटणार.” खरं होतं. मग मी एका संध्याकाळी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या बाजूच्या खोलीत, जाऊन बसले आणि पंचांच्या हातात प्रत्यक्ष कुठल्या वस्तू येतात त्या कागदावर लिहिल्या. दानाची थैली. सभासदांची यादी. मंडळीचं लेटरहेड. कपाटाच्या, हॉलच्या आणि दफनभूमीच्या फाटकाच्या किल्ल्या. माईक. पदाचे मोह या वस्तूंतूनच येतात. बारा मिनिटांत पाच वस्तू बसणार नव्हत्या, म्हणून पहिल्या तीन ठेवल्या.

दरम्यान सत्काराचं प्रकरण निघालं. तरुण संघाने दहा बाय सहाचा फ्लेक्स करायचं ठरवलं होतं, नऊ जणांचे फोटो आणि ‘हार्दिक अभिनंदन’, खर्च बाराशे रुपये. शिवाय प्रत्येकाला शाल आणि हार, तोही साडेतीन हजारांच्या घरात जाणार होता, आणि सगळं मंडळीच्या खात्यातून. मी साहेबांना म्हटलं, फ्लेक्सखाली उभं राहून सेवेवर बोलायला मला जड जाईल. तरुण संघाचा मुख्य मुलगा नाराज झाला. “बाई, आनंद दाखवायचाच नाही का?” त्याचंही चूक नव्हतं. गावातल्या सोसायटीचा संचालकसुद्धा फ्लेक्सवर झळकतो, मग आपलीच माणसं का नकोत? तासभर बोलणं झालं. फ्लेक्स गेला. शाली गेल्या. हारांऐवजी प्रत्येकाला एक गुलाब, तो तरुण संघाच्या स्वतःच्या पैशातून. आणि दुपारच्या प्रेमभोजनात पंक्तीला वाढायचं काम नव्या पंचांचं, हे त्याच मुलाने सुचवलं. मला ते सुचलं नव्हतं.

लिहिताना एक गोष्ट उपयोगी पडली. मोठ्याने, सावकाश वाचलं तर माझ्या बारा मिनिटांत साधारण बाराशे शब्द बसतात. तेवढंच लिहिलं, मोठ्या टाइपात छापून घेतलं, पानांना नंबर घातले आणि पानं सुटी ठेवली. स्टेपल केलेलं पान माईकजवळ उलटताना फार आवाज करतं.

९ फेब्रुवारीला नऊला उपासना सुरू झाली. दोन गीतं, शास्त्रपाठ, मग मी. पुलपीटवर न जाता खाली, पहिल्या बाकाजवळ उभी राहिले, कारण नऊ जण तिथेच बसले होते. आधीचे काही पंचही समोर होते. हात थरथरत होते, म्हणून पानं स्टँडवर ठेवली. सातांची गोष्ट सांगून झाल्यावर मी थैलीवर आले. तो भाग जवळजवळ जसा बोलले तसाच देते, कारण नंतर सगळ्यांनी तोच मागितला.

“समजा, आज उपासनेनंतर थैली वेस्ट्रीच्या टेबलावर रिकामी केली. पाचशेच्या तीन नोटा, दोनशेच्या चार, शंभरच्या अकरा, पन्नासच्या नऊ, वीसच्या चौदा, दहाच्या सव्वीस आणि एकशे सत्त्याऐंशी रुपयांची नाणी. एकूण चार हजार पाचशे सत्त्याहत्तर. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, चहाचा गॅस संपलाय, सहाशे द्या. पैसे मंडळीचे, गॅस मंडळीचा. तुम्ही सहाशे काढून देता आणि वहीत तीन हजार नऊशे सत्त्याहत्तर लिहिता. तुम्ही चोरी केली नाही. पण थैलीत सहाशे कमी झाले की हजार, हे आता जगात कुणालाच सिद्ध करता येणार नाही, तुम्हालासुद्धा. पुढच्या रविवारी गॅस नसतो, रिक्षाचं भाडं असतं. तिसऱ्या महिन्यात तुम्हाला विचारलेलं आवडेनासं होतं. मोह इथे आहे. पैसे खिशात घालण्याचा मोह फार पुढचा. आधी येतो तो ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असं म्हणण्याचा मोह.

“पौलावर विश्वास नव्हता का? यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्यांतून गोळा केलेली वर्गणी पोचवायची होती. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय काढा. तो तीताला पाठवतो, सोबत आणखी दोन बंधू देतो, आणि त्यांतला एक पौलाने नव्हे, मंडळ्यांनी निवडलेला आहे. कारणही तो लिहून ठेवतो: या देणगीवरून आमच्यावर कुणी ठपका ठेवू नये. प्रभूसमोर बरोबर असणं त्याला पुरेसं वाटत नाही, माणसांसमोरही बरोबर दिसलं पाहिजे. प्रेषिताला साक्षीदार लागतात, तर आपल्यालाही लागतील.

“म्हणून मोजायला दोघं बसा, एका घरातली नव्हेत. नोटांचा तपशील आधी वहीत, मग दोन सह्या, आणि सोमवारी तीच पूर्ण रक्कम बँकेत. गॅसचे सहाशे बँकेतून काढा, पावती लावा. मंडळीतल्या कुणालाही वही पाहून ओळखता आलं पाहिजे. बँकेच्या स्लिपवर आठवड्यानंतरची तारीख, दोन्ही सह्या एकाच हातच्या, किंवा दर रविवारी नेमका शंभराने भाग जाणारा आकडा दिसला, तर विचारा. खऱ्या थैलीत नाणी असतात, तिचा आकडा असा गुळगुळीत नसतो. आणि भिंतीवर दानासाठी क्यूआर कोड लावाल तो मंडळीच्या खात्याचा लावा. ‘तात्पुरता माझा नंबर देतो’ हे वाक्य पंचाच्या तोंडी कधी येऊ नये.”

इथे कुणीतरी मागे खोकलं आणि दोन-तीन जण हसले. का ते मला कळलं, पण मी थांबले नाही.

यादीबद्दल थोडक्यात सांगते. मतदान करायचं तर प्रभुभोजनात सहभागी होणारा सभासद असावं लागतं आणि वर्गणी भरलेली असावी लागते. नियम चांगला आहे. पण कुणाची थकबाकी आठवण करून द्यायची आणि कुणाची सभेच्या आदल्या दिवशीच शोधून काढायची, हे यादी ज्याच्या हातात असते तो ठरवतो. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा माणूस आहे. त्याला अग्रपणाची हौस होती, आलेल्या बंधूंचा तो स्वीकार करत नसे, आणि जे करत त्यांना मंडळीबाहेर घालवत असे. त्याने पैसे खाल्ल्याचं पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. फक्त कोण आत आणि कोण बाहेर, हे ठरवण्याची चटक त्याला लागली होती. मी पंचांना एवढंच म्हटलं की थकबाकीची यादी सभेच्या दोन महिने आधी फलकावर लावा, आणि पहिलं नाव तुमच्या नात्यातलं असलं तरी लावा.

लेटरहेडवर बोलताना माझाच आवाज जरा कडक झाला. आमच्यासारख्या मंडळीत शिफारसपत्राला वजन असतं. मिशनच्या शाळेत किंवा वसतिगृहात प्रवेश असो, लग्नासाठी दुसऱ्या मंडळीला द्यायचा दाखला असो, पाळकाची सही लागते आणि ती घ्यायला माणूस आधी पंचाकडे येतो. येताना पिशवीत काहीतरी असतं, शेतातली कोथिंबीर किंवा अर्धा डझन अंडी. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण दोन वर्षांनी पंचाला वाटू लागतं की पत्र आपणच देतो. मग जो पिशवी आणत नाही त्याला “साहेब बाहेरगावी आहेत, सोमवारी या” असं सांगितलं जातं. सहाव्या अध्यायातल्या विधवांनाही कुणी तोंडावर नाही म्हटलं नसेल. सोमवारी या, असंच काहीतरी सांगितलं गेलं असेल. हे शास्त्रात नाही, माझा अंदाज आहे, आणि तसं मी उपदेशात स्पष्ट बोलले.

मग मी मंडळीकडे वळले. हा भाग साहेबांनी सुचवला होता, आणि तो नसता तर उपदेश नऊ जणांना समोर बसवून झापल्यासारखा झाला असता. पंचांना आपणच बिघडवतो. लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला बसवतो, माईकवर नाव घेतलं नाही तर त्यांच्या वतीने आपणच रुसतो, आणि हिशेब फलकावर लागला तर वाचायला उभे राहत नाही. मार्क १० मध्ये दोघं भाऊ जागा मागतात तेव्हा बाकीचे दहा जण चिडतात. ते नम्र होते म्हणून चिडले नाहीत. येशू बाराही जणांना जवळ बोलावतो आणि परराष्ट्रीयांचे अधिकारी कसे सत्ता गाजवतात ते सगळ्यांनाच सांगतो.

बोलणं चौदा मिनिटांवर गेलं. नंतर साहेबांनी नऊ जणांना पुढे बोलावलं. प्रश्नोत्तरं झाली आणि प्रत्येक प्रश्नाला “होय, प्रभूच्या साहाय्याने” असं उत्तर आलं. मंडळीलाही उभं करून विचारलं, या पंचांसाठी प्रार्थना कराल का, त्यांना साहाय्य कराल का, प्रेमाने प्रश्न विचाराल का. शेवटचा प्रश्न साहेबांनी आदल्या रात्री घातला होता. मग प्रार्थना, आणि एकेकाला सहभागितेचा उजवा हात. माघार कुणी घेतली नाही. पण माझा एक जुना विद्यार्थी, ज्याला खजिनदार करायचं आधीच ठरलं होतं, उपासना सुटल्यावर माझ्याकडे आला. “सलाम बाई. एकट्याने मोजायचं नाही म्हणालात, मग दुसरं कोण? कुणी थांबत नाही उपासनेनंतर.”

प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. दोघांनी मिळून महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंना गाठलं. दर महिन्याला मंडळातल्या दोघींची नावं मोजणीला द्यायची, असं तिथेच, पातेल्यांच्या रांगेजवळ ठरलं.

प्रेमभोजनाला मटण आणि भात होता. वर्गणीतून अकरा हजार जमले होते, खर्च दहा हजार सातशे चाळीस झाला. पंचांनी वाढलं. त्यांतल्या दोघांना वाढायची सवय नव्हती हे दिसतच होतं. रस्सा आधी आणि भात नंतर येत होता, आणि आजीबाई त्यांना बिनधास्त हाका मारत होत्या. आधीच्या कमिटीतल्या एकांना माझा उपदेश लागला. ते जेवायला थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्यांचं म्हणणं, नोटांचा तपशील वगैरे गोष्टी सभेत बोलायच्या, देवाच्या घरात नव्हेत. मी म्हटलं, काका, थैली वेदीवर ठेवून आपण तिच्यावर आशीर्वाद मागतो, मग मोजणी बाहेरची कशी? त्यांना पटलं नाही. चहा दिला मात्र.

नव्या कमिटीची पहिली सभा १६ फेब्रुवारीला झाली. बँकेत सह्यांचे नमुने बदलायला वेळ लागला, कारण ठरावाच्या प्रतीवर अध्यक्षांचा शिक्का राहिला होता आणि ती प्रत परत आली. तुमच्याकडे नियुक्ती असेल तर हा ठराव पहिल्याच सभेत लिहून, सही-शिक्क्यानिशी दोन प्रतींत ठेवा. नवे सह्या करणारे मंजूर होईपर्यंत जुन्यांनाच चेक द्यावे लागतात, आणि त्या दिवसांत दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होतं.

फेब्रुवारीचा हिशेब मार्चच्या पहिल्या रविवारी, उपवासकाळ सुरू होण्याआधी फलकावर लागला. एका आठवड्याच्या मोजणीत आणि बँकेच्या स्लिपमध्ये चाळीस रुपयांचा फरक होता. खजिनदाराने तो लपवला नव्हता, खाली लिहिलं होतं: दहाच्या चार नोटा फाटक्या, बँकेने घेतल्या नाहीत, पाकिटात आहेत. त्या रविवारी फलकापुढे तीन-चार जण उभे होते, आणि त्यांतल्या एका आजोबांनी पाकीट दाखवा म्हणून सांगितलं. खजिनदाराने आणून दाखवलं.